कंट्रोलच्या पेशींतही सायटोक्रोम सी बाहेर दिसतोय. याचा अर्थ काय लावायचा?

रानजाई

एमएस्सीच्या प्रबंधासाठी हेला पेशींवर त्यांना मरायला लावणारं स्टॉरोस्पोरिन (१ मायक्रोमोलर) घालून ०, २, ४ आणि ६ तासांचे नमुने घेतले. पेशी कमी क्षारांच्या द्रावणात पंधरा मिनिटं फुगवल्या, काचेच्या होमोजनायझरमध्ये फोडल्या, १०,००० जी वर फिरवल्या. वरचा द्रव म्हणजे सायटोसॉल आणि खालचा गाळ म्हणजे मायटोकॉन्ड्रिया असं धरून वेस्टर्न ब्लॉट केला.

अडचण अशी की सायटोक्रोम सीचा बँड सायटोसॉलमध्ये सगळ्याच वेळांना आहे. शून्य तासाला, म्हणजे औषध न घातलेल्या पेशींतही चांगला ठळक आहे. त्याच शून्य तासाच्या नमुन्यात, मरणाऱ्या पेशीत प्रथिनं कापणारं कॅस्पेज-३ अखंड, म्हणजे बंद आहे आणि ते ज्याला कापतं ते पार्प ११६ किलोडाल्टनवर सरळ उभं आहे. ४ तासांनी मात्र पार्पचा ८९चा तुकडा स्पष्ट दिसतो आणि कॅस्पेज-३चा १७चाही.

मग सायटोक्रोम सी बाहेर असूनही कॅस्पेज सुरू होत नाहीत असं म्हणायचं का? की माझ्या कंट्रोलच्या पेशी आधीच मरायला टेकल्या होत्या? सूक्ष्मदर्शकाखाली तर त्या पसरलेल्या, छान चिकटलेल्या दिसत होत्या. गाईड पुढच्या आठवड्यापर्यंत नाहीत, म्हणून इथे विचारते.

निरंजन७

माझ्या समजुतीप्रमाणे क्रम उलटा आहे. आधी कॅस्पेज जागे होतात, ते मायटोकॉन्ड्रियाला भोक पाडतात आणि मग सायटोक्रोम सी गळतो. कॅस्पेज-८ हे बिड नावाचं प्रथिन कापतं, त्याचा तुकडा मायटोकॉन्ड्रियावर जाऊन बसतो, हे तर आता क्रमिक पुस्तकातही आहे. म्हणजे सायटोक्रोम सी हा परिणाम आहे, कारण नाही. कंट्रोलमध्ये थोडी गळती असणारच, तिच्याकडे दुर्लक्ष करा आणि पार्पचा बँड दाखवा. प्रबंधाला तेवढं पुरे.

कृष्णाकाठ

दुर्लक्ष नको. हा बँड खरा आहे, फक्त तो जिवंत पेशीत घडलेलं काही सांगत नाही, तुमच्या नळीत घडलेलं सांगतोय.

रानजाई, तुम्ही पेशी फुगवल्यात त्या द्रावणात मायटोकॉन्ड्रियाही फुगतात. आतल्या पटलाला घड्या असतात, त्या उलगडून ते ताणलं जाऊ शकतं. बाहेरच्या पटलाला तशी सोय नाही, ते फाटतं. सायटोक्रोम सी या दोन पटलांच्या मधल्या जागेत असतो, आतल्या पटलाला सैलसर चिकटून. बाहेरचं पटल फाटलं की बराचसा द्रवात येतो. बर्फावर, होमोजनायझरचे दांडे मारताना, पेशी तोपर्यंत संपलेली असताना हे होतं. म्हणून तिथे कॅस्पेज शांत आहेत.

एक प्रश्न. मायटोकॉन्ड्रिया शाबूत आहेत हे तपासायला कुठली अँटिबॉडी वापरलीत? व्हीडॅक किंवा कॉक्स-४ वापरली असेल आणि ती फक्त गाळात दिसली म्हणून निर्धास्त झाला असाल, तर तिथेच गफलत होते. ही दोन्ही पटलात रुतलेली प्रथिनं आहेत. पटल फाटलं तरी ती फाटक्या पटलासकट गाळातच जातात. एचएसपी-६० गाळात दिसलं तर आतलं पटल धड आहे एवढंच कळतं. मधल्या जागेतलं विरघळणारं दुसरं एखादं प्रथिन बघायला हवं, उदाहरणार्थ अ‍ॅडेनिलेट कायनेज-२. औषध न घातलेल्या पेशींच्या सायटोसॉलमध्ये ते सापडलं तर बाहेरचं पटल तुम्ही फाडलंत हे नक्की.

रानजाई

कॉक्स-४च वापरली होती आणि ती फक्त गाळात होती. म्हणूनच गोंधळले.

कृष्णाकाठ

मग तुमचा ब्लॉट ज्या कारणाने बिघडलेला दिसतोय, त्याच कारणाने हा सगळा मार्ग मुळात सापडला, हे सांगायलाच हवं. १९९६ मध्ये अटलांटाच्या एमरी विद्यापीठात शाओदोंग वांग यांच्या प्रयोगशाळेत हेला पेशींचाच अर्क घेऊन काम चाललं होतं. पेशी फोडायच्या, १,००,००० जी वर फिरवायच्या, वरचा स्वच्छ द्रव घ्यायचा आणि त्यात डीएटीपी घालायचं. तेवढ्याने त्या द्रवातलं कॅस्पेज-३ कापलं जाऊन सुरू व्हायचं. म्हणजे निरोगी, वाढत्या पेशींच्या अर्कात मरणाची सगळी सामग्री तयार होती.

त्यांनी तो अर्क स्तंभांवरून उतरवून घटक वेगळे केले. त्यातला एक छोटासा, जेलवर १५ किलोडाल्टनच्या आसपास येणारा घटक शुद्ध झाल्यावर गुलाबी-लाल दिसला. प्रकाश शोषण्याचा आलेख काढला तर तो सायटोक्रोम सी. श्वसनसाखळीतलं, पाठ्यपुस्तकात दशकानुदशकं असलेलं प्रथिन. तोवर तो सायटोसॉलमध्ये असण्याचं काही कारण नव्हतं. मग त्यांनी २५० मिलिमोलर साखर घालून, मायटोकॉन्ड्रिया जपून अर्क काढला. त्या अर्कात सायटोक्रोम सी नव्हता आणि डीएटीपी घालूनही कॅस्पेज हलेना. उलट स्टॉरोस्पोरिन दिलेल्या पेशींचा असाच जपून काढलेला अर्क घेतला तर त्यात सायटोक्रोम सी होता. म्हणजे फोडताना जे हाताने होत होतं, ते मरणारी पेशी स्वतः करते.

हा प्रयोग तुमच्या हातात तयारच आहे. शून्य तासाचा जुना सायटोसॉल उरलाय ना? त्याचे दोन भाग करा. एकात १ मिलिमोलर डीएटीपी घाला, दुसऱ्यात नको. ३० अंशांवर तासभर ठेवा आणि कॅस्पेज-३ बघा. पहिल्यात १७चा तुकडा आला तर सायटोक्रोम सी तिथे आहे, त्याने जागं होणारं अपाफ-१ आहे, त्यापुढचं कॅस्पेज-९ आहे, फक्त डीएटीपी पातळ होऊन गेलं होतं. अर्क फार पातळ असेल तर काही दिसणार नाही, प्रथिनांचं प्रमाण आधी मोजा.

आणि पुढचे नमुने होमोजनायझरने काढू नका. साखर आणि पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात थोडं डिजिटोनिन घालून पेशींचं बाहेरचं आवरण सच्छिद्र करा, बर्फावर पाच मिनिटं. डिजिटोनिन कोलेस्टेरॉल पकडतं. पेशीच्या आवरणात ते भरपूर, मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पटलात फारच कमी. पण मात्रा तुमच्या पेशींवर ठरवावी लागेल. मिलिलिटरला २०पासून २०० मायक्रोग्रॅमपर्यंत चार-पाच मात्रा घ्या. जवळजवळ सगळ्या पेशी ट्रायपॅन ब्लूने निळ्या होतात पण अ‍ॅडेनिलेट कायनेज-२ आतच राहतं, ती मात्रा तुमची.

आजोळ

मी विज्ञानातली नाही, पण धागा वाचून थांबले. माझ्या वडिलांना क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया आहे, नागपूरला उपचार चालू आहेत. व्हेनेटोक्लॅक्स सुरू केलं. पहिल्या आठवड्यात फक्त २० मिलिग्रॅम, मग ५०, असं वाढवत नेणार म्हणाले. औषध गुणकारी आहे तर पूर्ण मात्रा लगेच का देत नाहीत? घरात सगळ्यांना वाटतंय की वेळ जातोय. आणि नात्यातल्या एकांनी मायटोकॉन्ड्रिया बळकट करणाऱ्या गोळ्या सुचवल्यात. ते औषध मायटोकॉन्ड्रियावरच काम करतं असं वाचलं, मग त्या गोळ्यांनी अडथळा येईल का?

कृष्णाकाठ

आजोळताई, मी डॉक्टर नाही, प्रयोगशाळेत काम करते. मात्रेबद्दलचा निर्णय त्यांच्याच डॉक्टरांचा. पण सावकाश का, याचं कारण याच धाग्याचा विषय आहे.

मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पटलाला भोक पाडणारी दोन प्रथिनं असतात, बॅक्स आणि बॅक. त्यांना आणि त्यांना चेतवणाऱ्यांना धरून ठेवणारं प्रथिन म्हणजे बीसीएल-२. या आजारातल्या पेशींमध्ये चेतवणारी प्रथिनं, मुख्यतः बिम, आधीच भरपूर असतात आणि सगळी बीसीएल-२च्या मिठीत अडकलेली असतात. या पेशी मरणाच्या काठावर उभ्या असतात. व्हेनेटोक्लॅक्स बीसीएल-२मधल्या त्याच खोबणीत बसतं, बिम सुटतं, बॅक्स-बॅक भोक पाडतात, सायटोक्रोम सी बाहेर येतो आणि पेशी काही तासांत मरते.

अडचण इथेच आहे. एकदम पूर्ण मात्रा दिली तर प्रचंड संख्येने पेशी एकाच वेळी मरतात. त्यांच्यातलं पोटॅशियम, फॉस्फेट आणि यूरिक अ‍ॅसिड रक्तात उतरतं. मूत्रपिंड आणि हृदय दोन्ही धोक्यात येतात. औषधाच्या सुरुवातीच्या चाचण्यांत यामुळे मृत्यूही झाले, त्यानंतर २०, ५०, १००, २००, ४०० अशी आठवड्याआठवड्याने चढती मात्रा ठरली. त्या दिवसांत भरपूर पाणी आणि वारंवार रक्ततपासणी असते ती यासाठी. वेळ वाया जात नाहीये.

गोळ्यांबद्दल: कुठलीही गोळी, आयुर्वेदिक असो वा जीवनसत्त्वाची, आधी डॉक्टरांना दाखवा. या औषधाचं यकृतात विघटन करणारं एन्झाइम अडलं तर रक्तातली मात्रा चढते. ग्रेपफ्रूट आणि कमरख वर्ज्य करायला सांगतात ते म्हणून. पपनस आवडत असेल तर तेही आधी विचारा.

आजोळ

खूप आधार वाटला. बाबांना पाणी पिण्याचा कंटाळा आहे, आता मी त्यांना कारण सांगू शकेन. पपनस घरात आहेच, उद्याच विचारते.

वहीतली_पाने

मी बारावीला जीवशास्त्र शिकवतो. मुलं एक शंका हमखास काढतात आणि माझं उत्तर मलाच अपुरं वाटतं. सायटोक्रोम सी बाहेर गेला म्हणजे श्वसनसाखळी तुटली. ऊर्जा थांबली म्हणून पेशी मेली, एवढं साधं का नसावं? बाहेर जाऊन तो वेगळं काही काम करतो हे कशावरून?

कृष्णाकाठ

सर, शंका अगदी योग्य आहे आणि ती सोडवायला उंदरांपर्यंत जावं लागलं.

पहिला पुरावा नळीतला आहे. यीस्टचा सायटोक्रोम सी इलेक्ट्रॉन वाहतो, पण माणसाच्या अर्कात घातला तर अपाफ-१ला जागं करत नाही. घोड्याच्या हृदयातला करतो. म्हणजे दोन कामांसाठी प्रथिनाचे वेगवेगळे भाग लागतात.

मग २००५ मध्ये उंदरांत सायटोक्रोम सीमधलं ७२व्या जागेवरचं लायसिन काढून तिथे अ‍ॅलानिन बसवलं. अपाफ-१ला धरण्यासाठी हे लायसिन महत्त्वाचं असतं. या उंदरांच्या पेशींत श्वसन व्यवस्थित चालू होतं, पण बाहेर आलेला सायटोक्रोम सी अपाफ-१ला नीट उघडू शकत नव्हता. बरीचशी पिल्लं मेंदूच्या विकृतीमुळे दगावली. गर्भात मेंदू घडताना ज्या पेशी मरायला हव्यात त्या मरत नाहीत, मेंदूची वाढ बेसुमार होते. अपाफ-१ किंवा कॅस्पेज-९ नसलेल्या उंदरांतही साधारण हेच दिसतं. सायटोक्रोम सी पूर्णच काढला तर मात्र गर्भ फार लवकर मरतो, कारण तिथे श्वसनच जातं. ही दोन चित्रं शेजारीशेजारी ठेवली की मुलांना फरक पटतो.

जागं करणं म्हणजे काय तेही दाखवता येईल. अपाफ-१ एरवी स्वतःत दुमडून बसलेलं असतं. सायटोक्रोम सी चिकटला आणि डीएटीपी जागेवर बसलं की ते उघडतं. अशी सात अपाफ-१ एकत्र येऊन चाक बनतं. त्या चाकाच्या मधोमध कॅस्पेज-९ येऊन बसतं आणि तिथे बसलेलं असतानाच कामाचं असतं. ते कॅस्पेज-३ आणि ७ यांना कापतं. कॅस्पेज-३ मग शेकडो प्रथिनं कापतं, त्यातलं एक डीएनए कापणाऱ्या एन्झाइमला बांधून ठेवणारं असतं. तो बांध तुटला की डीएनएचे साधारण १८० बेस-जोड्यांच्या पटीत तुकडे पडतात. जेलवर शिडी दिसते ती हीच.

एक गोष्ट मात्र या उंदरांनीच अनुत्तरित ठेवली. त्यांच्या थायमसमधल्या पेशी अपेक्षेपेक्षा बऱ्याच सहज मरत होत्या, अपाफ-१ नसलेल्या उंदरांच्या पेशींपेक्षा कितीतरी सहज. तिथे अपाफ-१ दुसऱ्या कशाने जागं होतं का, यावर मला समाधानकारक उत्तर वाचायला मिळालेलं नाही.

निरंजन७

ताई, हे सगळं मान्य. पण बिडचं काय? कॅस्पेज-८ आधी, मायटोकॉन्ड्रिया नंतर, हे तर खोटं नाही.

कृष्णाकाठ

खोटं नाही, अर्धं आहे. मरणाचा निरोप बाहेरून फॅसच्या ग्राहकावर आला तर तुमचा क्रम बरोबर. यकृताच्या पेशींत तर बिडशिवाय चालतच नाही. थायमसच्या पेशींत कॅस्पेज-८ थेट कॅस्पेज-३ला पुरेसं कापतं, मायटोकॉन्ड्रियाची गरज पडत नाही. हा फरक बऱ्याच अंशी एक्सआयएपी या कॅस्पेज-३ला दाबून ठेवणाऱ्या प्रथिनामुळे आहे. ते जास्त असेल तर स्मॅक हे प्रथिनही मायटोकॉन्ड्रियातून बाहेर यावं लागतं, ते एक्सआयएपीला बाजूला काढतं.

पण स्टॉरोस्पोरिनचा निरोप आतून येतो. त्याची परीक्षा सोपी आहे. झी-व्हॅड घालून सगळे कॅस्पेज बंद करा आणि मग स्टॉरोस्पोरिन द्या. सायटोक्रोम सी तरीही बाहेर आला तर भोक कॅस्पेजनी पाडलेलं नाही. रानजाई, हा नमुना तुमच्या प्रबंधात असायलाच हवा.

रानजाई

आठवडाभरानंतर परत आले. क्रमाने सांगते.

जुन्या शून्य तासाच्या अर्कात डीएटीपी घातल्यावर कॅस्पेज-३चा १७चा तुकडा आला, न घातलेल्यात नाही. डिजिटोनिनने नवा कंट्रोल काढला तर सायटोसॉलमध्ये सायटोक्रोम सी नाही आणि अ‍ॅडेनिलेट कायनेज-२ही नाही. त्या अर्कात नुसतं डीएटीपी घालून काही झालं नाही. डीएटीपीसोबत घोड्याचा सायटोक्रोम सी घातला तेव्हा कॅस्पेज-३ कापलं गेलं.

स्टॉरोस्पोरिनला २ तासांनी बाहेर फिकट बँड आहे, ४ तासांनी ठळक. झी-व्हॅड असतानाही ४ तासांचा बँड तसाच ठळक आहे, पार्प मात्र अखंड.

आता नवीन कोडं. झी-व्हॅडवाल्या पेशी धुऊन, औषध काढून, स्वच्छ माध्यमात ठेवल्या. कॅस्पेज बंद, पार्प अखंड, म्हणजे त्या जगायला हव्यात ना? दोन दिवसांत बहुतेक गेल्या. वसाहती जवळपास धरल्याच नाहीत.

निरंजन७

२ तासांचा फिकट बँड म्हणजे प्रत्येक पेशीतून थोडा थोडा सायटोक्रोम सी झिरपतोय. पुढे तो साठत जातो आणि ४ तासांनी मर्यादा ओलांडतो.

कृष्णाकाठ

ब्लॉटवरून हे म्हणता येणार नाही. लाखो पेशी एकत्र वाटून बनवलेला तो बँड आहे. सगळ्या पेशींतून थोडा आला काय आणि थोड्या पेशींतून सगळा आला काय, बँड सारखाच फिकट. सायटोक्रोम सीला चमकतं प्रथिन जोडून एकेका हेला पेशीकडे बघितलं गेलं, २००० मध्ये डग्लस ग्रीन यांच्या प्रयोगशाळेत. पेशी कधी सुरुवात करेल ते पेशीगणिक वेगळं, काही तासांचा फरक. पण एकदा सुरू झालं की त्या पेशीतल्या सगळ्या मायटोकॉन्ड्रियातला सायटोक्रोम सी सुमारे पाच मिनिटांत बाहेर. औषध कुठलं, मात्रा किती, याने ती पाच मिनिटं बदलली नाहीत. रानजाई, २ तासांच्या पेशी काचेवर वाढवून सायटोक्रोम सीला रंगवा. काही पेशींत तो धाग्यांसारखा आणि काहींत सगळीकडे पसरलेला दिसेल असा माझा अंदाज आहे.

आणि मोजताना वर तरंगणाऱ्या पेशी माध्यमासोबत फेकू नका. चमकता सायटोक्रोम सी मोकळा झालेल्या पेशी थोड्या वेळात सुटून तरंगतात. त्या गेल्या तर तुमच्या मोजणीतून मेलेल्याच वगळल्या जातात.

झी-व्हॅडच्या कोड्याबद्दल. भोक पडलं की कॅस्पेज असोत नसोत, बहुतेक पेशी हरतातच, फक्त सावकाश. श्वसन ढासळतं, मायटोकॉन्ड्रियाला लागणारी प्रथिनं आत नेणं बिघडतं. तेव्हा वहीतली_पाने सरांच्या विद्यार्थ्यांचं म्हणणं इथे खरं ठरतं: कॅस्पेजचा मार्ग बंद असेल तर ऊर्जेचा मार्ग मारतो. त्यात मायटोकॉन्ड्रियाचा डीएनएही पेशीद्रवात येतो आणि विषाणू आल्यासारखा इंटरफेरॉनचा गजर होतो. कॅस्पेज चालू असतील तर तो गजर दबतो, हे २०१४ मध्ये दाखवलं गेलं.

तरी एक पर्याय तपासून बघायला हवा. स्टॉरोस्पोरिन अनेक कायनेज एकदम अडवतं, पेशी काचेवरून सुटतात, विभाजन बिघडतं. तुमच्या पेशी मायटोकॉन्ड्रियामुळे गेल्या की या बाकीच्या नुकसानीमुळे, हे तुमच्या प्रयोगावरून ठरत नाही. बॅक्स आणि बॅक दोन्ही काढलेल्या हेला पेशी कुणाकडून मिळाल्या तर त्यांना हेच औषध, हाच वेळ, मग धुऊन वसाहती मोजा. त्या जगल्या तर भोकच कारण. त्याही गेल्या तर औषध बदलावं लागेल.

निरंजन७

एका पेशीत सगळ्या मायटोकॉन्ड्रिया एकदम, हे मला अजून पूर्ण पटलेलं नाही. सौम्य ताणात मूठभर मायटोकॉन्ड्रियाच फुटतात, थोडे कॅस्पेज चालू होतात, डीएनएला इजा होते आणि पेशी तरीही जगते, असं दाखवणारं कामही आहे. २ तासांच्या फिकट बँडमध्ये अशा पेशी नसतील कशावरून?

कृष्णाकाठ

ते काम मलाही माहीत आहे आणि नसतील असं मी म्हणत नाही. पण ते मात्रा फार कमी असताना दिसतं. १ मायक्रोमोलर स्टॉरोस्पोरिन ही हेलासाठी जीवघेणी मात्रा आहे. रंगवलेल्या काचेवर सायटोक्रोम सी गेलेल्या मोजक्या मायटोकॉन्ड्रिया एखाद्या पेशीत सापडायच्या तर बाहेरच्या पटलाचं प्रथिन दुसऱ्या रंगात दाखवावं लागेल, नाहीतर रिकामी झालेली मायटोकॉन्ड्रिया दिसणारच नाही.

रानजाई

बाहेरच्या पटलासाठी टॉम-२० ची अँटिबॉडी शेजारच्या प्रयोगशाळेत आहे, मागून बघते. दोन रंगांत २ तासांची काच करते आणि सोबत स्टॉरोस्पोरिनची दहापट कमी मात्राही लावते. बॅक्स-बॅक नसलेल्या हेला कुणाला ठाऊक असतील तर इथे नको, व्यक्तिगत निरोप पाठवा.

आजोळ

विषय बदलल्याबद्दल राग मानू नका, कुणाला इथे उत्सुकता असेल म्हणून लिहिते. बाबांचा १०० मिलिग्रॅमचा आठवडा सुरू झाला, पोटॅशियम ठीक आहे. डॉक्टरांनी पपनसाला नाही म्हटलं. एक विचारायचं राहिलं: याच आजाराच्या आधीच्या एका औषधाने प्लेटलेट फार उतरायच्या असं वॉर्डातल्या कुणी सांगितलं, यानेही तसं होतं का?

कृष्णाकाठ

ते बहुधा नॅव्हिटोक्लॅक्सबद्दल बोलत असावेत. ते औषध चाचण्यांमध्ये वापरलं गेलं आणि बीसीएल-२सोबत बीसीएल-एक्सएललाही धरायचं. प्लेटलेटना केंद्रक नसतं पण मायटोकॉन्ड्रिया असतात आणि त्यांचं आयुष्य बीसीएल-एक्सएलवर टिकून असतं. ते अडलं की प्लेटलेट लगेच जातात. व्हेनेटोक्लॅक्स बीसीएल-एक्सएलला टाळेल असंच घडवलं गेलं, त्यामुळे तो विशिष्ट प्रकार यात नाही. मात्र पांढऱ्या पेशींतल्या न्यूट्रोफिल बऱ्याच जणांच्या उतरतात, आजारामुळे आणि उपचारामुळे प्लेटलेटही कमी असू शकतात. बाबांना ताप आला तर वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.